आलेखावरचे आकडे मजकुरात उतरवताना : या चुका टाळा

“ताई, निम्म्यावर म्हणजे किती? ४६७ का?”

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका दृष्टिहीन मुलाने फोनवर हे विचारलं, तेव्हा आपण काय घोळ घातलाय ते माझ्या लक्षात आलं. त्याच्यासाठी मी एका अभ्यास-पुस्तिकेतली पानं टाइप करून देत होते. स्क्रीन रीडर मजकूर वाचतो, पण चित्र वाचत नाही. म्हणून आलेखांवर छापलेलं सगळं शब्दांत उतरवायचं, एवढंच काम होतं. आलेख होता महाराष्ट्राच्या लिंग गुणोत्तराचा, म्हणजे दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया याचा. १९९१चा स्तंभ उंच आणि २००१चा त्याच्या बरोबर अर्धा दिसत होता. आकडे लिहून झाल्यावर मी शेवटी आपलं एक वाक्य जोडलं होतं : ‘२००१ मध्ये प्रमाण निम्म्यावर आले.’

१९९१चा छापील आकडा ९३४ आणि २००१चा ९२२ होता. घट झाली होती बाराची. मग स्तंभ अर्धा कसा दिसला? उभा अक्ष शून्यापासून सुरू झालेला नव्हता, तो ९१० पासून होता. ९१०च्या वर ९३४ म्हणजे २४ घरं आणि ९२२ म्हणजे १२ घरं. डोळ्यांना दिसतं ते या उरलेल्या घरांचं प्रमाण. मी मजकूर उतरवला नव्हता, मला चित्र पाहून जे वाटलं ते लिहिलं होतं. त्या मुलाने दोन्ही आकडे ऐकले, त्यांचा माझ्या वाक्याशी मेळ बसेना, म्हणून त्याने ९३४ला दोनाने भागून पाहिलं. त्याचं गणित माझ्यापेक्षा नीट होतं.

तोच आलेख घेऊन पुढच्या चुका सांगते, कारण बहुतेक सगळ्या मी त्या एका पानावर केल्या होत्या.

अक्षावरचे आकडे गाळणे

स्तंभांवर आकडे छापलेले असले की अक्ष लिहायचा कंटाळा येतो. वर ९३४ लिहिलेलंच आहे, मग डावीकडचे ९१०, ९१५, ९२० कशाला, असं वाटतं. पण आलेख शून्यापासून सुरू होत नाही, हे सांगणारी पानावरची एकमेव गोष्ट म्हणजे ते आकडे. ‘अक्ष तोडलेला आहे’ असं आपण सांगायचं नाही, ते झालं विवेचन. ‘उभा अक्ष, खालून वर : ९१०, ९१५, ९२०, ९२५, ९३०, ९३५, ९४०’ एवढं लिहायचं. डोळस वाचकापुढे तेवढंच असतं, मग ऐकणाऱ्यालाही तेवढंच मिळावं.

अक्षावर तुटक रेघ किंवा नागमोडी खूण छापलेली असेल तर ‘अक्षाच्या तळाशी नागमोडी खूण’ असं जरूर लिहा. जे छापलंय ते लिहायचं, पण ते का छापलंय ते सांगायचं नाही.

छापील आकडा ‘सुधारणे’

ही चूक हुशार माणसं करतात. त्या आलेखात २०११च्या स्तंभावर ९२५ होतं. मला ९२९ पाठ होतं. छपाईची चूक असणार, असं मनाशी म्हणत मी ९२९ टाइप केलं आणि वर आपण पुस्तिकेवर उपकार केल्यासारखं वाटलं.

खरं तर दोन्ही आकडे जनगणनेचेच आहेत. २०११च्या जनगणनेची हंगामी आकडेवारी आधी आली, त्यात महाराष्ट्राचं लिंग गुणोत्तर ९२५ होतं. अंतिम आकडेवारी २०१३ साली आली, तेव्हा ते ९२९ झालं. देशाच्या बाबतीतही असंच झालं : आधी ९४०, मग ९४३. पुस्तिकेने हंगामी आकडा घेतला होता आणि तसं सांगितलंही होतं. २०११च्या पुढे एक बारीक तारा होता आणि आलेखाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘* हंगामी आकडेवारी’ असं छापलेलं होतं. मी तळटीप सोडली, तारा सोडला आणि आकडा बदलला. म्हणजे एकाच स्तंभात तीन चुका.

आकडा खरोखर चुकीचा छापलेला असला तरी मजकुरात छापलेलाच आकडा राहतो. फारच खटकत असेल तर मजकूर संपल्यावर वेगळ्या ओळीत ‘टंकलेखकाची नोंद’ असं लिहून शंका मांडा. आलेखाच्या मजकुरात ती मिसळली की छापील काय आणि आपलं काय, हे पुन्हा कधीच वेगळं करता येत नाही. वर्तुळालेखातल्या टक्क्यांची बेरीज ९९.९ आली तर कुठल्या तरी भागात ०.१ टाकून शंभर भरवण्याचा मोहही असाच. ती तूट बहुधा पूर्णांकनाची असते, ती तशीच राहू द्या.

ताऱ्याबद्दल एक बारीक गोष्ट. स्क्रीन रीडर कोणती चिन्हं उच्चारतो ते ऐकणाऱ्याच्या सेटिंगवर अवलंबून असतं. ‘२०११*’ लिहिलं तर तारा ऐकू येईलच असं नाही. म्हणून ‘२०११ (तारांकित)’ असं अक्षरांत लिहिते. छापील खुणेचं नाव सांगणं म्हणजे तिचा अर्थ सांगणं नव्हे.

न छापलेली किंमत अंदाजाने लिहिणे

त्याच पुस्तिकेत साक्षरतेचा रेषालेख होता. तीन बिंदू होते : १९९१, २००१ आणि २०११. पहिल्यावर ६४.८७ आणि शेवटच्यावर ८२.९१ छापलेलं. मधला बिंदू बिनआकड्याचा. कामात मदत करणाऱ्या माझ्या भाचीने तिथे ‘सुमारे ७४’ लिहिलं. दोन टोकांच्या साधारण मध्ये, असा तिचा हिशेब. पण रेष सरळ नव्हती, मधे वर उचललेली होती. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ७६.८८ टक्के होती. जवळजवळ तीन टक्क्यांची चूक आणि तीही आलेखाच्या नावावर.

मग तिने विचारलं, “मावशी, जनगणनेतला खरा आकडा शोधून टाकू का?” तेही नको. तो बरोबर असेल, पण या आलेखावर नाही. लिहायचं ते असं : ‘२००१ – बिंदू आहे, आकडा छापलेला नाही.’ हे वाक्य कोरडं वाटतं, पण आलेखात काय आहे आणि काय नाही, दोन्ही त्यात येतं. रेषेची दिशाही लिहायची नाही. ‘वाढत गेली’, ‘झपाट्याने’, ‘फक्त’, ‘तब्बल’ यांतला एक जरी शब्द मजकुरात दिसला तर तिथे आपण उतरवणं सोडून समजावणं सुरू केलंय, असं समजा. टाइप करून झाल्यावर मी हेच शब्द शोधते. ‘फक्त’ दर वेळी कुठून तरी निघतोच.

रंग जुळवून देणे

वर्तुळालेखात आकडे भागांवर असतात आणि नावं बाजूच्या सूचीत, रंगीत चौकोनांपुढे. रंग स्पष्ट असतील तर जोडी लावायला हरकत नाही. पण पान काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सचं असेल तर हिरवा आणि लाल दोन्ही सारखेच राखाडी दिसतात. तिथे जोडी लावणं म्हणजे अंदाज. सूची एका ओळीत आणि भागांवरचे आकडे बारा वाजल्याच्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने दुसऱ्या ओळीत लिहा. ‘रंगांची जोडी ओळखता येत नाही’ असं खाली नोंदवा आणि मूळ रंगीत पान मागवा.

स्प्रेडशीटवर विसंबणे

आकडे जास्त असले की आपण ते आधी एक्सेलमध्ये भरतो, आणि इथे चूक आपली नसतानाही आकडे बदलतात. वयोगटांच्या आलेखात 5-9 टाइप करून एंटर मारलं की ती तारीख होते, पाच सप्टेंबर किंवा नऊ मे. 10-14चंही असंच काहीतरी होतं. 15-19 मात्र तसंच राहतं, म्हणून वरवर पाहताना शंका येत नाही. शिवाय 82.30चं 82.3 होतं. शेवटचं शून्य छापलेलं असेल तर ते उतरायला हवं, कारण दोन दशांश स्थळं दिली आहेत हेही पानावरच आहे.

यावर उपाय एकच, आणि तो आधी करायचा : रकाना निवडून त्याचा प्रकार `Text` करा, मग टाइप करा. तारीख झाल्यावर प्रकार बदलला तर पेशीत पाच आकडी भलतीच संख्या उरते आणि मूळ पान पुन्हा उघडावं लागतं. देवनागरी आकडे टाइप केले तर एक्सेल ते बहुधा मजकूर समजून सोडून देतं. मी सरळ साध्या टेक्स्ट फाइलमध्येच लिहिते.

रिकामी पेशी, आडवी रेघ आणि शून्य यांनाही एकच समजू नका. छापील रेघेला ‘रेघ’ लिहा. रेघेच्या जागी ० टाकलं तर माहिती नसण्याचं ‘काहीच नाही’ होऊन बसतं.

दुरुस्त केलेला मजकूर

त्या मुलाला दुसऱ्यांदा पाठवला तो असा :

```
शीर्षक : महाराष्ट्र – लिंग गुणोत्तर
उपशीर्षक : दर हजार पुरुषांमागे स्त्रिया
प्रकार : उभे स्तंभ, एकूण ६
उभा अक्ष, खालून वर : ९१०, ९१५, ९२०, ९२५, ९३०, ९३५, ९४०
आडवा अक्ष आणि स्तंभांवरील आकडे, डावीकडून उजवीकडे :
१९६१ – ९३६
१९७१ – ९३०
१९८१ – ९३७
१९९१ – ९३४
२००१ – ९२२
२०११ (तारांकित) – ९२५
तळटीप : (तारांकित) हंगामी आकडेवारी
```

क्रम छापील आहे तोच ठेवला. मोठ्याकडून लहानाकडे लावला तर ऐकायला सोपं जाईल असं वाटतं, पण तो क्रम आपला झाला.

तपासणी आम्ही दोघी मिळून करतो. आधी चित्रावरच्या छापील गोष्टी मोजायच्या : इथे शीर्षक, उपशीर्षक, अक्षावरचे ७ आकडे, ६ वर्षं, स्तंभांवरचे ६ आकडे, १ तारा, १ तळटीप. मग मजकुरातल्या मोजायच्या. त्यानंतर भाची मजकूर मोठ्याने वाचते आणि मी फक्त चित्राकडे बघते. आकडा एकेक अंक सुटा वाचायचा, ‘नऊ-तीन-सात’ असा. ‘नऊशे सदतीस’ म्हटलं की कान पुढचा शब्द आधीच धरून बसतो. फिकट झेरॉक्समध्ये १ आणि ९ हमखास फसवतात, आणि स्कॅन करून सॉफ्टवेअरने अक्षरं ओळखली असतील तर देवनागरी ४चा इंग्रजी 8 झालेला सापडतो. मोठं करून पाहूनही अंक कळला नाही तर त्या जागी ‘अस्पष्ट’ लिहिते.

दुसरा मजकूर मिळाल्यावर त्या मुलाचा पुन्हा फोन आला. “ताई, अक्ष ९१० पासून आहे ना? म्हणजे दिसायला तो स्तंभ अर्धा दिसत असणार.” मी त्याला याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.