‘चालत नाही’ एवढाच पहिला निरोप आला तर

‘कालपासून चालत नाहीये, लवकर सांगा’ एवढ्याच निरोपावर फोन बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला देऊ नये, कारण निरोप फोनबद्दल आहे हेही अजून कळलेले नसते. ‘कालपासून’ म्हटल्यामुळे परवापर्यंत ते चालत होते, म्हणजे मधे काहीतरी बदलले असावे, एवढा अंदाज मात्र बांधता येतो. तेव्हा एकच प्रश्न विचारावा: ‘कशावर काय करत होता आणि पडद्यावर नेमके काय दिसले?’ ‘लॅपटॉपवर कोणतीही साइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा येतो’ असे उत्तर आल्यास आधी लॅपटॉपची तारीख पाहायला सांगावी; ती चुकलेली असेल, तर साइटची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची प्रमाणपत्रे ब्राउझरला मुदतीबाहेरची वाटतात.