आजीचं कुंकू आणि ठुशी

नातीच्या लग्नासाठी आजीने दागिन्यांचा डबा उघडला. सुनेने मोठी मरून टिकली पुढे केली, तशी ती म्हणाली, "नको गं, कपाळ खाजतं." तिचं बरोबरच होतं. टिकलीच्या गोंदाने काहींना खाज सुटते, पुढे त्या जागी पांढरा डागही पडू शकतो. तिने जुन्या पद्धतीने बोटाच्या टोकावर मेण घेऊन कपाळावर गोल टेकवलं, त्यावर पिंजर दाबली आणि कडेची भुकटी मऊ कापडाने टिपली. मेणाचा थर पातळच हवा, जाड झाला की मांडवातल्या उकाड्यात कुंकू ओघळतं.

मग ठुशी. गळ्यात घालण्याआधी आजीने गोंड्याजवळचा दोरा नखाने ताणून पाहिला. धागे सुटायला लागले होते. असा दोरा गर्दीत तुटला तर ते बारीक मणी पुन्हा हाती लागत नाहीत. ठुशी पटवेकऱ्याकडे गाठवायला निदान पंधरा दिवस आधी द्यावी, कारण लग्नसराईत त्याच्याकडे रांग असते, आणि देताना त्याच्यासमोर वजन करून लिहून घ्यावं.

नथ मात्र तिने चापाची निवडली. "भोक केव्हाच बुजलंय, आता या वयात टोचून घेत नाही मी."