सीएसची सेन्सिटिव्हिटी व्हॅलोरंटमध्ये नेण्याआधीची तयारी

दिवाळीच्या सुटीत शिरपूरचा मामेभाऊ जळगावला आला होता. त्याच्या ग्रुपमध्ये सगळे व्हॅलोरंट खेळणारे, मी मात्र चार वर्षं काउंटर-स्ट्राइकवाला. म्हटलं, सेन्सिटिव्हिटी बदलून घेऊ, हात तोच आहे. गणित केलं, आकडा भरला आणि दोन आठवडे प्रत्येक फ्लिक डोक्याच्या पलीकडे जात राहिला. मामेभाऊ मागे बसून बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भो, तुना हात बिघडी गया का?" हात बिघडला नव्हता आणि गणितही बरोबर होतं. चूक डीपीआयमध्ये होती, आणि ती मी तपासली असूनही मला दिसली नव्हती. पुन्हा कुणाचे दोन आठवडे असे जाऊ नयेत म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय.

विंडोजमधलं Enhance pointer precision बंद. हे सगळ्यांना माहीत असतं, पुढे चला.

आता डीपीआय. माउस एक इंच सरकला की तो किती काउंट पाठवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. दोन्ही गेममध्ये तो एकच असेल तर गणितातून आपोआप गळून पडतो, म्हणून बहुतेक जण त्याचा विचारच करत नाहीत. मीही केला नव्हता. माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षांपूर्वी मी सीएससाठी वेगळं प्रोफाइल बनवून ठेवलं होतं, ८०० डीपीआयचं. सीएस उघडलं की ते लागू व्हायचं, बाकी सगळ्यासाठी मूळ प्रोफाइल, आणि ते १६०० वर. मी सॉफ्टवेअर उघडून खात्री केली तेव्हा समोर सीएसचंच पान होतं. ८०० दिसलं, समाधान झालं. व्हॅलोरंट मात्र १६०० वर चालत होतं. म्हणजे माझी सेन्सिटिव्हिटी बरोब्बर दुप्पट होती.

म्हणून नियम एकच: डीपीआय गेम चालू असताना तपासा. सॉफ्टवेअरच्या पानावर किंवा माउसच्या खोक्यावर विश्वास ठेवू नका. गेम चालू ठेवून, माउस हातात घेऊन, फूटपट्टीने तपासा. शक्य असेल तर प्रत्येक गेमचं वेगळं प्रोफाइल काढूनच टाका आणि एकच ठेवा. स्क्रोलच्या मागचं डीपीआयचं बटण सॉफ्टवेअरमधून निकामी करा, कारण माउस उचलताना ते कधी दाबलं जातं हे कळतसुद्धा नाही.

आकडा काढण्यासाठी एवढंच लागतं. सेन्सिटिव्हिटी १ असताना माउसच्या एका काउंटला सीएस२ मध्ये नजर ०.०२२ अंश वळते आणि व्हॅलोरंटमध्ये ०.०७ अंश. दोन्हींचं गुणोत्तर ३.१८ येतं. सीएसमधला तुमचा आकडा आठवणीवर घेऊ नका. कन्सोल उघडून `sensitivity` टाइप करा आणि समोर येईल तो लिहून घ्या. माझा १.२ आहे.

```
1.2 × 0.022 / 0.07 = 0.377
360 / (1.2 × 0.022 × 800) × 2.54 = 43.3 cm
```

पहिली ओळ म्हणजे व्हॅलोरंटमध्ये भरायचा आकडा. दुसरी ओळ लोक सोडून देतात, आणि खरी कामाची तीच आहे. पूर्ण गिरकी घ्यायला माउस टेबलावर किती सेंटिमीटर सरकावा लागतो ते ती सांगते. सेन्सिटिव्हिटीचा आकडा गेमगणिक बदलतो, पण हे अंतर फूटपट्टीने मोजता येतं. डीपीआय गुणिले सेन्सिटिव्हिटी असा जो एकत्र आकडा पोरं एकमेकांना सांगतात, तो एकाच गेमच्या आत तुलनेला ठीक आहे. दोन गेममध्ये त्याचा काही उपयोग नाही.

आता मोजणी, आणि इथेच मी दुसऱ्यांदा फसलो. मी मोठ्या पॅडवर ४३.३ सेंमी एका दमात सरकवले. नजर फूटपट्टीवर. शेवटी वर पाहिलं तर क्रॉसहेअर भिंतीच्या त्याच कोपऱ्यावर परत आलेला. वाटलं, झालं, जुळलं. पण डीपीआय दुप्पट होता, त्यामुळे त्या ४३.३ सेंटिमीटरमध्ये गिरकी एकदा नाही, दोनदा झाली होती. दोन पूर्ण गिरक्यांनंतरही माणूस त्याच कोपऱ्याकडे बघतो. डीपीआयची चूक बहुतेक वेळा अशी दुपटीचीच असते, ८०० च्या जागी १६००, आणि नेमकी तीच चूक या मोजणीतून निसटते.

म्हणून अर्ध्या अंतराने मोजा. अर्धं म्हणजे २१.६५ सेंमी. टेबलावर दोन जाड पुस्तकं समोरासमोर ठेवा आणि मधली जागा अर्धं अंतर अधिक माउसची रुंदी एवढी ठेवा. माझा माउस ६.३ सेंमी रुंद आहे, म्हणून मी २८ सेंमी ठेवतो. व्हॅलोरंटमध्ये सराव मैदानात जा, एखाद्या ठळक कोपऱ्यावर क्रॉसहेअर लावा, माउस पहिल्या पुस्तकाला टेकवा आणि दुसऱ्या पुस्तकापर्यंत सावकाश सरकवा. आता तुमची बरोबर पाठ झाली पाहिजे. पाठ न होता पुन्हा तोच कोपरा समोर आला, तर डीपीआय दुप्पट आहे. तिथेच थांबा, पुढचं काहीही करू नका. पाठ झाली असेल तर माउस सरळ वर उचला, पहिल्या पुस्तकाशी आणा आणि पुन्हा सरकवा. आता कोपरा परत समोर यायला हवा. क्रॉसहेअरच्या आसपास बोटभर इकडेतिकडे चालेल, उचलताना तेवढं हलतंच. त्यापेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा. सीएसमध्येही हीच पुस्तकं, हीच जागा, हीच मोजणी. एका गेममध्ये मोजून दुसऱ्यात गृहीत धरू नका. मी तेच केलं होतं.

दुसऱ्याच्या माउसवर किंवा कॅफेत बसायची वेळ आली तर त्याचा डीपीआय हिशोबात घ्या. तो १६०० असेल तर ०.३७७ चं निम्मं, म्हणजे ०.१८९ भरा. आणि पुस्तकं लावून मोजा. तिथला माउस ८०० म्हणतो म्हणजे तो ८०० असतोच असं नाही. स्वतःचा माउस दोन्ही गेमला वापरत असाल तर डीपीआय खरा ८०० आहे की ८२० याने दोन गेमच्या जुळणीत फरक पडत नाही, दोन्हीकडे सारखीच चूक होते. माउस बदलला की मात्र पडतो.

हे सगळं जुळलं तरी पहिल्या दिवशी व्हॅलोरंटमध्ये हात थोडा तरतरीत वाटेल. तो एफओव्हीचा परिणाम आहे, घाबरून आकडा बदलू नका. सीएस२ चं दृश्य १६:९ पडद्यावर आडवं सुमारे १०६ अंशांचं असतं, व्हॅलोरंटचं १०३. व्हॅलोरंटचा पडदा थोडा जवळ ओढल्यासारखा आहे. १९२० पिक्सेलच्या पडद्यावर मध्यभागी एक अंश म्हणजे सीएसमध्ये साधारण १२.६ पिक्सेल आणि व्हॅलोरंटमध्ये १३.३. हात तितकाच हलला, गिरकी तितकीच झाली, पण डोळ्यांसमोरचं चित्र सहा टक्के जास्त सरकलं.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो, कारण दोन्ही गोष्टी एकदम जुळत नाहीत. गिरकीचं अंतर जुळवायचं असेल तर ०.३७७ ठेवा. क्रॉसहेअरजवळची बारीक हालचाल डोळ्यांना तंतोतंत तशीच हवी असेल तर दोन्ही एफओव्हींच्या अर्ध्या कोनांच्या टॅन्जंटचं गुणोत्तर लावा. ते ०.९४३ येतं आणि आकडा ०.३५६ होतो, पण मग गिरकीला ४५.९ सेंमी लागतील आणि मागे वळताना हात कमी पडेल. या दोन गेमपुरतं माझं मत पक्कं आहे: गिरकी जुळवा. सहा टक्क्यांची सवय डोळ्यांना दोन-तीन दिवसांत होते. पाठीमागून पावलं वाजल्यावर मात्र हात मोजलेल्या अंतरानेच फिरतो. दोन्ही आकड्यांच्या मधला काहीतरी धरला तर काहीच जुळत नाही, तो प्रकार करू नका. आणि सीएस ४:३ ताणून खेळत असाल तर आधीच ऐका. तिथे आडवं चित्र उभ्यापेक्षा तेहतीस टक्के ताणलेलं असतं, आणि तो भास कुठल्याही आकड्याने व्हॅलोरंटमध्ये येणार नाही. फक्त गिरकी जुळवून घ्या आणि सवय होऊ द्या.

स्कोपचं थोडक्यात. सीएसमध्ये `zoom_sensitivity_ratio` बघा. तो ०.८१९ असेल तर एडब्ल्यूपीच्या पहिल्या झूमला हालचाल झूमच्या प्रमाणातच कमी होते, आणि व्हॅलोरंटमध्ये स्कोपचा गुणक ०.७४७ ठेवला की ऑपरेटरच्या पहिल्या झूमला तसंच वाटतं. मूळचा १ कधी बदलला नसेल तर तुमचा स्कोप बावीस टक्के जास्त वेगवान आहे, म्हणून व्हॅलोरंटमध्ये ०.९१२ भरा. इथे सेंटिमीटर जुळवायला जाऊ नका, दोन्ही बंदुकांचे झूमच वेगळे आहेत. दुसरा झूम नेमका जुळत नाही, सोडून द्या.

मे महिन्यात जळगावात दुपारी मोजू नका. तळहात घामाने पॅडला चिकटतो, माउस अडखळतो आणि आकडा चुकला असं उगाच वाटतं. रात्री मोजा.

आकडा भरला की आठवडाभर बदलू नका. माउसचं सॉफ्टवेअर अपडेट झालं, विंडोज नवीन टाकली, केबल काढून दुसऱ्या पोर्टला लावली, की आधी पुस्तकं लावा, अर्धं अंतर सरकवा आणि पाठ होते का ते बघा. गेम चालू असताना.