भेटीच्या नोंदीतून गरज, आक्षेप आणि पुढचं पाऊल कसं वेगळं काढावं

विक्री प्रतिनिधीने शुक्रवारी, 6 जून 2025 रोजी ग्राहकाला दिलेल्या भेटीची ही नोंद घ्या:

“पर्चेस मॅनेजर भेटले. सध्याचं पॅकिंग मशीन आठवड्यातून दोनदा बंद पडतं, माल अडकतो. किंमत जास्त वाटते. बिघाड झाला तर माणूस किती वेळात येतो, विचारत होते. मालकांशी बोलून सांगतो म्हणाले. बुधवारी कोटेशन द्यायचं.”

सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, काही भरण्याआधी प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हे कोण बोललं. ग्राहकाचं म्हणणं आणि प्रतिनिधीचा अंदाज इथेच सर्वांत जास्त मिसळतात. “किंमत जास्त वाटते” हे ग्राहकाला वाटतं की आपल्या माणसाला? नोंदीवरून कळत नाही. म्हणून ते थेट ‘आक्षेप’ रकान्यात टाकू नका, आधी प्रतिनिधीला विचारा. ग्राहक तसं बोलला असेल, तर प्रकार ‘किंमत’ आणि स्थिती ‘अनुत्तरित’ अशी भरा.

आता गरज. “पॅकिंग मशीन हवं” असं लिहाल तर अडचण हरवेल आणि आपला मालच गरज म्हणून नोंदला जाईल. त्याऐवजी “मशीन आठवड्यातून दोनदा बंद पडतं, माल अडकतो” हे ग्राहकाच्याच शब्दांत ठेवा. दुरुस्तीच्या माणसाबद्दलचा प्रश्न बरेच जण आक्षेपात घालतात. मी तो गरजेतच ठेवीन, कारण तो त्याच अडचणीतून आला आहे. सेवेला वेळ लागत असेल तर घेणार नाही, असं ग्राहक म्हणाला तरच तो आक्षेप. असा प्रश्न चुकीच्या रकान्यात गेला, तर कोटेशनमध्ये सूट दिसते आणि सेवेची वेळ राहून जाते.

पुढच्या पावलात तीन गोष्टी लागतात: कोण, काय, कधी. “बुधवारी” म्हणजे 11 जून, कारण तारीख भेटीच्या दिवसापासून मोजायची. नोंद 12 जूनला भरायला घेतली आणि त्या दिवसापासून मोजली, तर तोच बुधवार 18 जून होतो आणि कोटेशन आठवडाभर लांबतं. इथे भरायचं ते असं: आपला प्रतिनिधी, कोटेशन, 11 जून.

“मालकांशी बोलून सांगतो” हे आपलं पाऊल नाही. त्यातून इतकंच कळतं की अंतिम होकार मालकांचा असावा, म्हणून ‘निर्णय घेणारी व्यक्ती’ या रकान्यात ‘मालक (खात्री बाकी)’ लिहा. ते कधी बोलणार हे नोंदीत नाही, तेव्हा त्या तारखेचा रकाना मोकळाच सोडा. अंदाजाने भरलेली तारीख खऱ्या तारखेसारखीच दिसते आणि विक्रीचा अंदाज तिच्यावरच बांधला जातो.

मूळ नोंद मात्र पुसू नका, ती रकान्यांखाली जशीच्या तशी राहू द्या. पद्धत सगळ्यांना लागू करण्याआधी वीसेक जुन्या नोंदी दोघांना वेगवेगळ्या भरायला द्या. ज्या रकान्यात दोघांचं जुळत नाही, त्याची व्याख्या एका उदाहरणासह पुन्हा लिहा.