हॅश टेबलमधील टक्कर हाताळताना या चुका टाळा : चेनिंग, ओपन अ‍ॅड्रेसिंग आणि मंदावलेला शोध

हॅश टेबलमधला शोध सरासरी स्थिर वेळात होतो, हे विधान खरे आहे. पण ते दोन अटींवर उभे आहे. कळा, म्हणजेच कीज, स्लॉटांमध्ये बऱ्यापैकी समान पसरल्या पाहिजेत आणि टेबल प्रमाणाबाहेर भरलेले नसले पाहिजे. दोन कळांचा हॅश एकाच स्लॉटवर आला की टक्कर होते. ती हाताळण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. चेनिंगमध्ये त्या स्लॉटला एक साखळी जोडली जाते आणि टकरलेल्या सर्व नोंदी तिच्यात राहतात. ओपन अ‍ॅड्रेसिंगमध्ये सगळ्या नोंदी एकाच अ‍ॅरेत राहतात आणि ठरलेला स्लॉट भरलेला असेल तर ठरावीक क्रमाने पुढचे स्लॉट तपासले जातात. सर्वांत साध्या प्रकारात, लिनिअर प्रोबिंगमध्ये, तो क्रम म्हणजे लगतचा पुढचा स्लॉट. स्वतः टेबल लिहिणाऱ्यांच्या बहुतेक चुका या दुसऱ्या पद्धतीत आणि त्यातही नोंद काढून टाकताना होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

काढलेल्या नोंदीचा स्लॉट सरळ रिकामा करणे

आठ स्लॉटांचे टेबल घ्या, क्रमांक ० ते ७, आणि हॅश म्हणून कळेला ८ ने भागून उरणारी बाकी घ्या. आता १८, १०, २६ आणि ११ या क्रमाने कळा घाला. १८ ची बाकी २, म्हणून ती स्लॉट २ मध्ये बसते. १० ची बाकीही २, पण तो स्लॉट भरलेला असल्याने ती ३ मध्ये जाते. २६ ची बाकी पुन्हा २, ती ४ मध्ये जाते. ११ चे मूळ घर ३. ते आणि त्यापुढचे ४ दोन्ही भरलेले असल्याने ती ५ मध्ये पोहोचते.

```
slot: 0   1   2   3   4   5   6   7
key : -   -   18  10  26  11  -   -
```

आता १० काढून टाकायची आहे, आणि लिहिणाऱ्याने स्लॉट ३ वर सरळ ‘रिकामा’ अशी खूण केली. त्यानंतर २६ शोधली असता स्लॉट २ मध्ये १८ दिसते, स्लॉट ३ रिकामा दिसतो आणि शोध ‘सापडली नाही’ असे उत्तर देऊन थांबतो. प्रत्यक्षात २६ स्लॉट ४ मध्ये आहे. ११ चीही हीच गत होते. रिकामा स्लॉट लागला की शोध थांबवायचा, हा लिनिअर प्रोबिंगचा पायाच आहे, आणि आपण त्या वाटेतच खोटा रिकामा स्लॉट निर्माण केला.

हा दोष लगेच उघडकीला येत नाही, हीच त्याची खरी अडचण आहे. पुढे कोणी २६ पुन्हा घालायला गेले, तर ती नसल्याचे समजून स्लॉट ३ मध्ये तिची दुसरी प्रत बसते. आता शोध बरोबर चालतो, पण जुन्या किमतीसह एक मृत प्रत स्लॉट ४ मध्ये पडून असते आणि नोंदींची संख्या एकाने जास्त दिसते. म्हणून size() चा आकडा आणि टेबलावरून फिरताना मिळणाऱ्या वेगवेगळ्या कळांची संख्या जुळत नसेल, किंवा क्वचित एखादी कळ ‘हरवत’ असेल, तर सर्वांत आधी नोंद काढण्याचा कोड तपासावा.

या दोषावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे टूमस्टोन : काढलेल्या जागी ‘इथे पूर्वी नोंद होती’ अशी वेगळी खूण ठेवायची, शोधाने ती ओलांडून पुढे जायचे आणि नव्या नोंदीने ती जागा वापरायची. इथे एक उपचूक ठरलेली असते. नवी नोंद घालताना पहिला टूमस्टोन दिसताच तिथे बसवून मोकळे होऊ नये, कारण तीच कळ त्यापुढे आधीपासून असू शकते आणि मग पुन्हा दोन प्रती तयार होतात. पहिल्या टूमस्टोनची जागा लक्षात ठेवावी, कळ किंवा खरा रिकामा स्लॉट मिळेपर्यंत पुढे जावे, आणि कळ नाही याची खात्री झाल्यावरच मागच्या टूमस्टोनवर परत यावे.

दुसरा उपाय फक्त लिनिअर प्रोबिंगला सहज लागू पडतो. पुढच्या नोंदींपैकी ज्या पोकळीत सरकू शकतात त्या मागे सरकवायच्या आणि कोणतीही खूण मागे ठेवायची नाही.

```c
void erase_at(size_t i) {
    size_t j = i;
    for (;;) {
        j = (j + 1) & mask;
        if (!used[j]) break;
        size_t h = hash(key[j]) & mask;
        if (((j - h) & mask) >= ((j - i) & mask)) {
            key[i] = key[j];
            val[i] = val[j];
            i = j;
        }
    }
    used[i] = false;
}
```

इथे mask म्हणजे स्लॉटसंख्या वजा एक, आणि स्लॉटसंख्या दोनाचा घात असावी लागते. मधली अट महत्त्वाची आहे : नोंद आपल्या मूळ घराच्या अलीकडे सरकता कामा नये. वरच्या उदाहरणात १० काढल्यावर २६ स्लॉट ३ मध्ये, ११ स्लॉट ४ मध्ये येते आणि ५ खरोखर रिकामा होतो. अट गाळून ‘सगळे एकेक घर मागे’ असे लिहिणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या टेबलात आपल्या घरी नीट बसलेली नोंद घराच्या मागे ढकलली जाते आणि मग कधीच सापडत नाही.

लोड फॅक्टरमध्ये टूमस्टोन न मोजणे

टूमस्टोन बरोबर लिहिले तरी हिशेब चुकू शकतो. भरलेल्या स्लॉटांचे एकूण स्लॉटांशी प्रमाण म्हणजे लोड फॅक्टर. डोनाल्ड नूथ यांनी १९६३ मध्ये लिनिअर प्रोबिंगचे जे विश्लेषण केले, त्यातून टेबलात नसलेली कळ शोधताना सरासरी किती स्लॉट तपासावे लागतात ते मिळते. खाली a म्हणजे लोड फॅक्टर.

```
सापडणारी कळ    : (1 + 1/(1-a)) / 2
न सापडणारी कळ  : (1 + 1/(1-a)^2) / 2
```

टेबल निम्मे भरलेले असताना न सापडणाऱ्या शोधाला सरासरी २.५ स्लॉट लागतात, ०.७५ वर ८.५ आणि ०.९ वर ५०.५. सापडणारा शोध मात्र ०.९ वरही ५.५ स्लॉटांतच आटोपतो. दोन प्रकारच्या शोधांतली ही तफावत लक्षात ठेवली तर निदान पुष्कळ सोपे होते.

समजा १०२४ स्लॉटांच्या टेबलात ९२२ नोंदी झाल्या आणि नंतर त्यांतल्या ५१२ काढल्या. जिवंत नोंदी उरल्या ४१०. प्रोग्राम जिवंत नोंदीच मोजत असेल, तर त्याच्या लेखी लोड ०.४ आहे आणि न सापडणाऱ्या शोधाला दोनहून कमी स्लॉट पुरायला हवेत. पण शोध टूमस्टोनवर थांबत नाही. त्याच्या दृष्टीने ९२२ स्लॉट अजून भरलेलेच आहेत आणि त्याला पन्नासच्या आसपास स्लॉट चालावे लागतात. टेबल अर्धेही भरलेले नाही, तरी शोध मंद का, या कोड्याचे उत्तर बहुधा इथे असते. याची कमाल मर्यादा म्हणजे एकही खरा रिकामा स्लॉट न उरणे. मग न सापडणारा शोध टेबलाभोवती फिरतच राहतो, आणि फेऱ्या मोजणारी अट नसेल तर प्रोग्राम अडकून पडतो.

उपाय असा की, टेबल नव्याने मांडण्याचा निर्णय जिवंत नोंदी आणि टूमस्टोन यांच्या बेरजेवर घ्यावा. नवे टेबल किती मोठे हवे, ते मात्र फक्त जिवंत नोंदींवरून ठरवावे. टूमस्टोनच जास्त असतील तर त्याच आकाराचे टेबल पुन्हा मांडले तरी पुरते. पायथनची dict ओपन अ‍ॅड्रेसिंगच वापरते आणि तीही याच वळणाने जाते : नोंद काढल्याने वापरण्याजोगी जागा परत मिळाल्याचे ती धरत नाही, आणि जागा संपल्यावर नवी नोंद घालताना टेबल फिरून बांधते.

कळांचा साचा आणि टेबलाचा आकार यांची गाठ न तपासणे

ही चूक दोन्ही पद्धतींना भोवते. समजा कळा म्हणजे ६४ बाइटांवर जुळवलेले मेमरीतले पत्ते आहेत, टेबलात १०२४ स्लॉट आहेत आणि हॅश म्हणून पत्त्याचे खालचे दहा बिट घेतले आहेत. ६४ च्या पटीतील संख्येचे खालचे सहा बिट नेहमी शून्य असतात; म्हणजे फरक करायला चारच बिट उरतात आणि सगळ्या कळा १६ स्लॉटांवर येऊन आदळतात. ६०० नोंदींना लोड ०.५९ इतका निरुपद्रवी दिसतो, पण प्रत्येक साखळी सरासरी ३७ ते ३८ नोंदींची असते.

हे ओळखण्याची सोपी तपासणी अशी : सर्व कळांची मूळ घरे काढून त्यांतली वेगळी किती आहेत ते मोजावे. हॅश चांगला असेल तर १०२४ स्लॉटांत ६०० कळांची सुमारे ४५४ वेगळी घरे अपेक्षित आहेत. १६ आली, तर दोष टक्कर हाताळण्यात नाही, हॅशमध्ये आहे. अशा वेळी चेनिंग सोडून ओपन अ‍ॅड्रेसिंगकडे वळणे म्हणजे व्यर्थ खटाटोप. वरचे बिट खालच्यांत मिसळणे हा योग्य उपाय होय. जावाची HashMap हॅशचे वरचे १६ बिट खालच्या बिटांशी एक्सऑर करते, ते याचसाठी. शिवाय जावा ८ पासून तिथे एखाद्या बकेटमधील साखळी आठच्या पुढे गेली आणि टेबलात किमान ६४ बकेट असले, तर साखळीचे संतुलित झाड केले जाते. ही सोय चेनिंगमध्येच शक्य आहे. कळा बाहेरच्या वापरकर्त्यांकडून येत असतील, तर कोणी मुद्दाम टकरणाऱ्या कळा पाठवू शकतो; म्हणून ओपन अ‍ॅड्रेसिंगमध्ये गुप्त बीज असलेला हॅश, उदाहरणार्थ SipHash, वापरल्याशिवाय राहू नये.

तुलना फक्त पायऱ्या मोजून करणे

चेनिंगमध्ये न सापडणाऱ्या शोधाला सरासरी लोड फॅक्टरइतक्याच नोंदी तपासाव्या लागतात, ०.९ वर एकाहूनही कमी, आणि लोड ३ झाला तरी तीनच. कागदावर पाहता लिनिअर प्रोबिंगचा इथे टिकाव लागत नाही. पण साखळीतील प्रत्येक नोंद मेमरीत वेगळ्या ठिकाणी असते आणि दर वेळी प्रोसेसरला नव्या जागेची वाट पाहावी लागू शकते. उलट आठ बाइटांच्या आठ कळा ६४ बाइटांच्या एका कॅश लाइनीत बसतात, त्यामुळे लगतचे काही स्लॉट तपासणे जवळजवळ फुकट पडते. म्हणून कळा लहान असून लोड निम्म्याच्या आसपास ठेवला, तर लिनिअर प्रोबिंग सहसा सरस ठरते. ०.९ वर मात्र पन्नास स्लॉट म्हणजे सहा-सात कॅश लाइनी होतात आणि तो फायदा संपतो.

चाचणीत फक्त टेबलात असलेल्याच कळा शोधल्या, तर यातले काहीच दिसत नाही. नसलेल्या कळांचा शोध वेगळा मोजावा आणि दोन्ही मोजमापे नोंदी घालणे-काढणे बराच काळ चालू ठेवल्यानंतर पुन्हा घ्यावीत. वेळेसोबत तपासलेल्या स्लॉटांची सरासरी व कमाल आणि टूमस्टोनची संख्या लिहून ठेवावी. सरासरी वरच्या सूत्राशी जुळत असूनही वेळ जास्त लागत असेल, तर मेमरीतली मांडणी पाहावी. सरासरीच सूत्राच्या कितीतरी पुढे गेली असेल, तर हॅश पाहावा किंवा टूमस्टोन मोजावेत.