स्प्लिटचे वॉट, वॉटचा स्प्लिट: या चुका टाळा

रोइंग मशीनच्या मॉनिटरवर एकच मेहनत दोन तऱ्हेने वाचता येते. स्प्लिट सांगतो की याच वेगाने ५०० मीटर जायला किती वेळ लागेल, आणि वॉट सांगतात की फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे ओढल्यावर फिरणाऱ्या चाकात, दर सेकंदाला किती ऊर्जा जाते आहे. मशीनवर बसलेलं असताना बटण दाबलं की काम होतं. पण पुण्याच्या एखाद्या कोचने वॉटमध्ये पाठवलेला कार्यक्रम स्प्लिटमध्ये बसवायचा असेल, किंवा महिन्याभराच्या नोंदींवरून प्रगती बघायची असेल, तर हिशेब आपल्यालाच करावा लागतो. रत्नागिरीत मी ज्या मुलामुलींचा सराव घेतो त्यांच्या वह्या पाहिल्या की जाणवतं, मेहनतीत कसूर नसते, या हिशेबात असते. आणि हिशेब चुकला की सरावच चुकीच्या जोराने होतो.

आधी सूत्र, आणि २:१५ म्हणजे २.१५ नव्हे

कॉन्सेप्ट टू कंपनीच्या मशीनसाठी सूत्र असं आहे:

```
W = 2.80 / p^3        (p = सेकंद प्रति मीटर)
split = 500 * (2.80 / W)^(1/3)     (सेकंदांत)
```

स्प्लिट २:१५ घ्या. आधी त्याचे सेकंद करायचे: १३५. त्याला ५०० ने भागलं की एका मीटरला ०.२७ सेकंद. त्याचा घन ०.०१९६८३. २.८० ला त्याने भागलं की १४२.३ वॉट.

इथली पहिली चूक इतकी साधी आहे की नजरेतून सुटते. कॅल्क्युलेटरवर २:१५ ऐवजी २.१५ मिनिटं टाकली जातात. २.१५ मिनिटं म्हणजे १२९ सेकंद, आणि त्याचे होतात १६३ वॉट. वीस वॉटचा फुकटचा फायदा. उत्तर अगदीच विचित्र दिसत नाही, म्हणून संशयही येत नाही. उलट बाजूलाही तसंच होतं: उत्तर २.२५ मिनिटं आलं की ते २:२५ म्हणून लिहिलं जातं, खरं तर ते २:१५ असतं. उपाय एकच, मिनिटांत हिशेब करायचाच नाही. सुरुवातीला सगळे सेकंद करा आणि मिनिटं शेवटी, लिहिताना काढा.

ताळा करण्यासाठी तीन आकडे पाठ असावेत: २:३० म्हणजे १०४ वॉट, २:०० म्हणजे २०२.५, आणि १:४५ म्हणजे ३०२. आपलं उत्तर या तिघांच्या मध्ये योग्य जागी बसत नसेल तर हिशेब पुन्हा करा.

वॉटवरून स्प्लिट काढताना घनमूळ लागतं, आणि फोनवर तिथे कंस राहून जातो. १५० वॉटसाठी खरं उत्तर १३२.६ सेकंद, म्हणजे २:१२.६. पण शेवटी `^(1/3)` ऐवजी `^1/3` लिहिलं तर यंत्र आधी पहिला घात घेतं आणि मग तीनने भागतं. उत्तर येतं जेमतेम ३ सेकंद. असं काही दिसलं की कंस तपासा.

टक्केवारी: सगळ्यात महाग पडणारी चूक

फ्लायव्हीलला हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लागणारी शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग, म्हणून ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सूत्रातला घन तिथून आला. याचा अर्थ असा की वॉटमधली टक्केवारी स्प्लिटला तशीच्या तशी लावता येत नाही. हे एका खऱ्या कार्यक्रमावर बघू.

आमच्याकडच्या एका मुलीची २००० मीटरची चाचणी ८:०० मिनिटांत झाली. स्प्लिट २:००, वॉट २०२.५. तिला आलेल्या कार्यक्रमात लिहिलं होतं की लांब पल्ल्याचा सराव चाचणीच्या ७० टक्के वॉटने करायचा. तिने १२० सेकंदांत ३० टक्के मिळवले, १५६ आले, आणि २:३६ ने वल्हवायला सुरुवात केली. दोन आठवड्यांनी म्हणाली, "सर, घामच नाय येत ओ, ह्या हवेत पण!" मे महिन्यात रत्नागिरीत मशीनवर बसून घाम येत नसेल तर काहीतरी नक्कीच चुकतं आहे.

२:३६ चे वॉट काढले तर ९२ येतात. म्हणजे ती ७० नव्हे, ४६ टक्क्यांवर वल्हवत होती. बरोबर रीत अशी: आधी वॉटचे ७० टक्के काढा, २०२.५ चे १४१.७५ होतात. मग ते वॉट सूत्रात घालून स्प्लिट काढा, तो २:१५.२ येतो. तिने धरलेल्या स्प्लिटपेक्षा हा वीस सेकंदांहून जास्त वेगवान.

हीच चूक वरच्या बाजूला जास्त त्रास देते. तिच्या कार्यक्रमात छोटे तुकडे ११० टक्के वॉटने होते. १२० सेकंदांतून १० टक्के वजा करून तिने १:४८ लिहून ठेवलं होतं. १:४८ ला २७८ वॉट लागतात, म्हणजे चाचणीपेक्षा ३७ टक्के जास्त. बरोबर लक्ष्य २२२.७५ वॉट, म्हणजे १:५६.३. पहिला तुकडा कसाबसा निघतो, तिसऱ्यापासून स्प्लिट कोसळतो, आणि मुलांना वाटतं आपल्यात दम नाही. हलका सराव फारच हलका आणि जोराचा सराव अशक्य, अशा दोन्ही तक्रारी एकाच वहीत दिसल्या तर मी आधी टक्केवारी कुठे लावली आहे ते बघतो.

झटपट अंदाजासाठी एक नियम वापरता येतो: वॉट जितके टक्के बदलतील त्याच्या एक तृतीयांश टक्के स्प्लिट बदलतो. १० टक्के वाढीला ३.३ टक्के, म्हणजे १२० चे ११६ सेकंद. खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ. मात्र फरक मोठा झाला की हा नियम सोडून द्यावा. ३० टक्के घटीला तो २:१२ सांगतो, आणि तिथे प्रत्यक्षात चाचणीच्या ७५ टक्के वॉट लागतात.

याच घनामुळे एक सेकंदाची किंमतही सगळीकडे सारखी नसते. २:३० चा २:२९ करायला सुमारे २ वॉट पुरतात. १:४५ चा १:४४ करायला जवळपास ९ लागतात. नवीन मुलाचा स्प्लिट महिन्यात पाच सेकंदांनी उतरला आणि जुन्याचा एकाने, तर दोघांची तुलना सेकंदांत करू नका. ती वॉटमध्ये करा.

सरासरी कशाची काढायची

समजा २००० मीटरपैकी पहिले १००० मीटर २:०० ने आणि दुसरे २:२० ने गेले. एकूण वेळ ५२० सेकंद, म्हणून सरासरी स्प्लिट २:१०, आणि त्याचे १५९ वॉट. आता वहीत दोन्ही भागांचे वॉट लिहिले, २०२.५ आणि १२७.६, आणि त्यांची साधी सरासरी घेतली, तर १६५ येते. ती उलटी फिरवली की स्प्लिट २:०८.५ निघतो, म्हणजे ८:३४ ची शर्यत. घड्याळात मात्र ८:४० वाजलेले असतात.

साध्या सरासरीत एक चूक अशी की दुसऱ्या भागाला जास्त वेळ लागला होता, तो धरलेलाच नाही. वेळेप्रमाणे वजन दिलं तर सरासरी १६२ वॉट होते. तीही १५९ शी जुळत नाही, आणि जुळणारही नाही, कारण असमान वेगाने वल्हवल्यावर त्याच वेळेसाठी जास्त ऊर्जा खर्च होते. म्हणून वेळ किंवा अंतर हवं असेल तर एकूण वेळ आणि एकूण अंतरावरून स्प्लिट काढा. किती मेहनत झाली हे हवं असेल तर वेळेचं वजन दिलेले वॉट घ्या. एकातून दुसरं काढायला जाऊ नका. भाग समान अंतराचे नसून समान वेळेचे असतील तर स्प्लिटची साधी सरासरीही चालत नाही. तिथे मीटर मोजा.

एक्सेलमध्ये वॉट ०.०० येतात तेव्हा

खान्यात 2:15 टाइप केलं की एक्सेल ते दोन तास पंधरा मिनिटं समजतं. दिसायला सगळं नीट, पण दोन दशांश दाखवणाऱ्या वॉटच्या खान्यात ०.०० उमटतं. वेळ 0:02:15 अशी टाका. एक्सेल वेळ दिवसाच्या भागात साठवतं, म्हणून सेकंद मिळवायला ८६४०० ने गुणावं लागतं:

```
=2.8/(A2*86400/500)^3
=500*(2.8/B2)^(1/3)/86400
```

पहिल्या ओळीत A2 मध्ये स्प्लिट, दुसरीत B2 मध्ये वॉट. दुसऱ्या ओळीचं उत्तर ज्या खान्यात येतं त्याचं स्वरूप `m:ss.0` ठेवा.

सूत्र कुठे लावू नये

फ्लायव्हीलला किती हवा मिळते ते ठरवणारा डॅम्पर ३ वर असो की ८ वर, सूत्रात त्याला जागा नाही. मॉनिटर फ्लायव्हील किती लवकर मंदावतं ते दर स्ट्रोकला मोजून ड्रॅग फॅक्टर ठरवतो आणि त्यावरून शक्ती काढतो. जाळीत धूळ बसली, किंवा तेच मशीन किनाऱ्यावरून आंबोलीच्या विरळ हवेत नेलं, तर त्याच डॅम्परवर ड्रॅग फॅक्टर बदलेल. २:०० चे वॉट मात्र २०२.५ च राहतील. "डॅम्पर १० वर होता, म्हणून वॉट जास्त धरा" असं कोणी वहीत लिहिलं तर ते खोडा. वजनाचंही तसंच, ते या सूत्रात येत नाही.

चुंबकाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या मशीनवर आधी पडताळून बघा. स्थिर २:३० धरून एकक वॉटवर न्या, मग २:०० धरून तेच करा. १०४ आणि २०३ च्या आसपास आकडे आले नाहीत तर त्या मशीनचं सूत्र वेगळं आहे, आणि तिथल्या नोंदी या हिशेबात मिसळू नयेत. आकडे जुळले तरी त्या मशीनने शक्ती नीट मोजली असं सिद्ध होत नाही. दोन आकड्यांमधलं नातं तेच आहे, एवढंच कळतं.

आणि दाभोळच्या खाडीत होडी वल्हवून घड्याळाच्या जीपीएसवरून मिळालेला स्प्लिट या सूत्रात अजिबात घालू नका. ओहोटीबरोबर समुद्राकडे जाताना पाणीच होडीला पुढे नेतं, परतताना तेच अडवतं, आणि होडीचा आकार, वजन, वारा यांचं नातं २.८० या आकड्याशी नाही. खाडीतल्या नोंदींसाठी वेगळी वही ठेवा, आणि त्यात भरती-ओहोटीची वेळ लिहा.