इंदूर ते ग्वाल्हेर–ओरछा: आठ दिवसांच्या गटसहलीत चालक आणि मार्गदर्शकाचे कामाचे तास कसे बसवावेत

इंदूरमधील मराठी मंडळांच्या सहलींमध्ये शिवपुरी, ग्वाल्हेर, झाशी, ओरछा, चंदेरी आणि भोपाळ हा मार्ग लोकप्रिय आहे. तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांची स्मारके त्यावर आहेत आणि शिंद्यांच्या छत्र्याही आहेत. तीस-बत्तीस माणसे, एक बस, एक चालक आणि सोबत येणारा एक मार्गदर्शक असा हिशोब सहसा असतो. कार्यक्रम आखताना स्थळांची यादी आधी केली जाते आणि चालकाचे तास उरलेल्या जागेत कोंबले जातात. हा क्रम उलटा करावा लागतो, म्हणजे चालकाचा दिवस आधी मांडायचा आणि त्यात बसतील तेवढीच स्थळे घ्यायची.

मर्यादा कोणत्या आहेत ते प्रथम पाहू. 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास कामाची मर्यादा घातली. सलग 5 तास काम झाल्यावर किमान अर्धा तास विश्रांती, एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत किमान 9 तासांची सुट्टी आणि सात दिवसांत एक दिवस पूर्ण विश्रांती, याही अटी त्यात होत्या. कामाचे तास कमी असले तरी मधल्या विश्रांतीसह दिवसाचा एकूण पसारा 12 तासांहून अधिक नसावा, ही अटही त्यातच होती. लांब पल्ल्याच्या मार्गासाठी दिवसाला 10 तासांपर्यंत सवलत होती, पण तिला अधिकाऱ्याची मान्यता लागत असे, त्यामुळे ती गृहीत धरून आखणी करू नये. हा कायदा 2020 च्या नव्या श्रमसंहितेत सामावला गेला असला, तरी दिवसाला 8 तासांचे मूळ मोजमाप तेच आहे. जुना कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. एकाच बसचा मालक त्यात येत नसे. तरीही थकव्याला मालकाकडे किती बस आहेत हे कळत नाही, म्हणून मी हीच चौकट प्रत्येक सहलीला वापरतो.

आता तास मोजायचे कसे, हे पाहू. बहुतेक चूक येथेच होते. मंडळाचे सचिव नकाशावर ग्वाल्हेर 500 किलोमीटर पाहतात, ताशी 60 चा वेग धरतात आणि पहाटे पाचला निघून दुपारी जेवायला पोहोचू असे जाहीर करतात. टोलनाके, गावांतील गर्दी आणि ट्रकांची रांग धरून बसचा सरासरी वेग ताशी 50 च्या आसपास राहतो, म्हणून केवळ गाडी चालवण्याचेच दहा तास होतात. त्याआधी टायर, पाणी, तेल आणि दिवे पाहण्याचा अर्धा तास आणि शेवटी गाडी लावून, झाडून, हिशोब लिहिण्याचा अर्धा तास हेही चालकाचे कामच आहे. नाश्ता, जेवण आणि चहाचे दोन तास मिळवले की पाचला चावी हातात घेतलेला माणूस ती संध्याकाळी सहाच्या सुमारास खाली ठेवतो. कामाचे तास अकरा आणि चावी ते चावी तेरा. म्हणजे दोन मर्यादा एकाच दिवशी मोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला किल्ल्यावर नेण्याचे वचनही दिलेले असते.

गाडी उभी असली की चालक मोकळा असतो, हाही एक गोड गैरसमज आहे. त्याला गाडी सोडून जाता येत असेल आणि झोपता येत असेल, तर ती विश्रांती. वाहनतळावर सामान राखत, कोणीतरी फोन करेल म्हणून बसून राहिला असेल, तर आखणीत ते कामाचे तास म्हणूनच धरावेत.

या मार्गावर माझी आखणी अशी असते. पहिल्या दिवशी ग्वाल्हेरऐवजी 290 किलोमीटरवरील गुणा हा मुक्काम धरायचा. चालक सकाळी सहाला चावी घेतो आणि गाडी साडेसहाला विजय नगरमधून निघते. येथे एक गोष्ट ठामपणे सांगावी लागते: बस प्रत्येकाच्या दारी जाणार नाही. राजेंद्र नगर, रामबाग, सुदामा नगर असे करत माणसे गोळा केली की शहरातच तासभर जातो, आणि तो तास चालकाच्या आठांतून वजा होतो. विजय नगर देवासच्या वाटेवरच आहे, म्हणून सगळ्यांनी तेथे रिक्षाने किंवा घरच्या गाडीने यावे. शाजापूरजवळ साडेआठ ते सव्वानऊ नाश्ता, ब्यावऱ्याला अकराच्या सुमारास पंधरा मिनिटे चहा आणि दीडच्या आत गुणा. चावी दोनच्या आधी खाली. नाश्त्याची पाऊण तासाची विश्रांती वगळता काम सात तासांच्या थोडे वर झाले आणि मर्यादेत राहिले.

या दिवशी मोह होतो तो बजरंगगडाचा. किल्ला गुण्यापासून जवळ आहे आणि अख्खी दुपार मोकळी आहे. पण त्याच बसने गेलो, तर येणे-जाणे आणि वाट पाहणे मिळून दीड तास वाढतो आणि दिवस साडेआठ तासांच्या पुढे जातो. ज्यांना जायचे आहे त्यांनी स्थानिक रिक्षा कराव्यात, खर्च वाटून घ्यावा आणि चालकाला झोपू द्यावे.

दुसरा दिवस हलका आहे. साडेसातला चावी, आठला प्रस्थान, दहाला शिवपुरी. छत्र्या, तात्या टोप्यांचे स्मारक आणि जेवण आटोपून अडीचला निघायचे. शिवपुरीत चालकाने गटाबरोबर फिरू नये. त्याने आधी जेवून पडावे, कारण दुपारी दोन ते चार हा झोप येण्याचा काळ आहे. मंडळींनी दाल-बाफल्यांचा बेत केला असेल, तर चालकाच्या ताटात तो बेताचाच असलेला बरा. पाचला ग्वाल्हेर, साडेपाचला चावी खाली.

तिसरा दिवस चालकाचा विश्रांतीचा दिवस. तो येथेच ठेवण्याचे कारण असे की ग्वाल्हेरचा किल्ला, फूलबागेतील राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि गावातील इतर ठिकाणे पाहण्यासाठी मोठ्या बसचा उपयोग फारसा होत नाही. किल्ल्याकडे जाणाऱ्या उरवाई दरवाजाच्या चढणीच्या रस्त्यावर लहान गाड्याच सोयीच्या पडतात, म्हणून मी बत्तीस जणांसाठी स्थानिक गाड्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवतो. दुसऱ्या दिवसाच्या साडेपाचपासून चौथ्या दिवसाच्या साडेआठपर्यंत चालकाला सलग 39 तास मिळतात. त्या दिवशी “जरा वॉशिंगला नेऊन आण” किंवा “स्टेशनवर एकाला सोड” असे सांगितले, तर तो दिवस विश्रांतीचा राहत नाही.

सात दिवसांची मोजणी सहलीच्या पहिल्या दिवसापासून होत नाही. ती चालकाच्या मागच्या सुट्टीपासून होते. म्हणून बस ठरवताना मालकाला पहिला प्रश्न हा विचारावा: हा चालक शेवटचा कोणत्या दिवशी घरी होता? लग्नाच्या वरातींच्या मोसमात तो आधीचे पाच दिवस सलग गाडीवर असू शकतो. तसे असेल, तर ग्वाल्हेरच्या आधीच त्याचे सात दिवस भरतात. मग विश्रांती मागे आणावी किंवा दुसरा चालक मागावा. दोन चालक घेण्याचा पर्याय चांगला आहे, पण धावत्या बसच्या मागच्या सीटवर पडलेला माणूस झोपला असे मी धरत नाही.

मार्गदर्शकाचा हिशोब याहून अवघड आहे, कारण त्याच्यासमोर चावी नसते. सकाळी साडेसहाला कोणाला गरम पाणी हवे म्हणून त्याचा फोन वाजतो आणि रात्री दहाला कोणाला औषध हवे म्हणून पुन्हा वाजतो. ग्वाल्हेरला ही अडचण उघड दिसते. संध्याकाळी मान मंदिराच्या परिसरातील ध्वनी-प्रकाश कार्यक्रम गटाला हवाच असतो. सकाळी सातला नाश्त्यापाशी उभा राहिलेला मार्गदर्शक कार्यक्रम संपवून नऊला परतला, तर चौदा तास झाले. दुपारी चार तास झोपला, तरी पसारा तेवढाच राहतो. उपाय सोपा आहे: किल्ला स्थानिक परवानाधारक मार्गदर्शकाकडून करून घ्यावा, ज्याचे शुल्क अर्ध्या दिवसाचे म्हणजे चार तासांचे किंवा पूर्ण दिवसाचे म्हणजे आठ तासांचे ठरलेले असते, आणि सोबतच्या मार्गदर्शकाचा दिवस सकाळी दहाला सुरू करावा. नाश्ता सांभाळायला मंडळातला एक कार्यकर्ता पुरतो.

चौथ्या दिवशी ग्वाल्हेर–झाशी–ओरछा हे सुमारे 120 किलोमीटर अंतर आहे. झाशी उत्तर प्रदेशात आणि ओरछा पुन्हा मध्य प्रदेशात असल्याने परवान्याची कागदपत्रे हाताशी असावीत. नाहीतर चौकीवर गेलेला वेळही चालकाच्याच तासांत जमा होतो. डिसेंबर–जानेवारीत या भागात सकाळी दाट धुके असते, म्हणून नऊच्या आधी निघू नये. लवकर निघून ताशी वीसच्या वेगाने रांगण्यात काही मिळत नाही, चालकाचे डोळे मात्र थकतात. पाचवा दिवस ओरछ्यात पायी फिरण्याचा आहे. तो सोबतच्या मार्गदर्शकाचा सुट्टीचा दिवस ठेवावा, त्याचा फोन कार्यकर्त्याकडे द्यावा आणि राम राजा मंदिर व महाल स्थानिक मार्गदर्शकाकडून पाहावेत. सहाव्या दिवशी ललितपूरमार्गे चंदेरी, सातव्या दिवशी भोपाळ, आठव्या दिवशी दुपारपर्यंत इंदूर. यांपैकी सातवा दिवसच जड आहे. चंदेरीचा रस्ता महामार्गासारखा वाहता नाही, त्यामुळे वाटेत सांची घ्यायची असेल, तर दुसरे काही जोडू नये.

चालकाची निजण्याची जागा हॉटेल ठरवतानाच विचारावी. बसमध्येच झोपायचे हा जुना रिवाज आहे, पण मग नऊ तासांची सुट्टी कागदावरच राहते. पलंग, पंखा, आंघोळीची सोय आणि वाहनतळापासूनचे अंतर, एवढे फोनवर विचारता येते.

ठरवलेले प्रत्यक्षात उतरते की नाही, हे कळण्यासाठी एक साधी वही पुरते. तिच्यात चार रकाने असतात: चावी घेतली, गाडी निघाली, गाडी थांबली, चावी ठेवली. चालक रोज वेळ लिहितो, मार्गदर्शक सही करतो. दोन दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या की रात्रीची चावी आणि सकाळची चावी यांत नऊ तास आहेत का, ते लगेच दिसते. नसतील, तर सकाळचे निघणे तेवढेच पुढे ढकलायचे आणि एक स्थळ गाळायचे. गाडी पट्ट्यांवरून खडखडत जाऊ लागली, चालक वळण चुकला किंवा तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारू लागला, तर वही काहीही सांगत असो, पुढच्या ढाब्यावर थांबून त्याला वीस मिनिटे झोपू द्यावे. झोप पूर्ण उतरली नाही, तर त्या गावीच मुक्काम करावा. शेवटच्या दिवशी इंदूरला पोहोचल्यावर वहीची एक प्रत मालकाला द्यावी, कारण त्याच रात्री चालकाला दुसऱ्या वरातीवर पाठवले जाणार असेल, तर ते त्याला लेखी तासांसकट कळलेले बरे.